दवाखान्याच्या ऑनलाइन रिव्ह्यूंना मराठीत आणि इंग्रजीत उत्तर देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी एका दवाखान्याचं काउंटर सांभाळते आणि गुगलवर येणाऱ्या रिव्ह्यूंना उत्तरं लिहिते. इतर दवाखान्यांत हेच काम करणारे लोक मला जे प्रश्न विचारतात, ते इथे घेतले आहेत. जवळजवळ प्रत्येक उत्तर फिरून एकाच मुद्द्याशी येतं. रिव्ह्यू लिहिणारा स्वतःबद्दल काहीही सांगू शकतो, पण तो आपला पेशंट आहे एवढंसुद्धा आपण तिथे सांगू शकत नाही. हे बंधन पाळूनही उत्तर माणसानं माणसाला दिल्यासारखं वाटलं पाहिजे.

पेशंटनं स्वतःच आजाराचं नाव लिहिलं आहे. मग उत्तरात तो उल्लेख केला तर काय बिघडलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून आधी घेते.

पेशंटनं स्वतःची गोष्ट सांगितली म्हणून ती सांगायची परवानगी आपल्याला मिळत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता नियमांत हे स्पष्ट आहे. उपचार करताना कळलेली पेशंटची खासगी माहिती डॉक्टरनं उघड करायची नाही. अपवाद मोजके आहेत: न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि सरकारला कळवणं बंधनकारक असलेले आजार. रिव्ह्यूला उत्तर देणं यातल्या कशातच बसत नाही. उत्तर डॉक्टरांनी लिहिलं नसलं तरी ते दवाखान्याच्या नावानं दिसतं, त्यामुळे ‘हे तर काउंटरवरच्या बाईंनी लिहिलं’ म्हणून जबाबदारी टळत नाही.

अमेरिकेत २०१९ साली एका दंतचिकित्सालयाला अशा उत्तरांपायी १०,००० डॉलर भरून तडजोड करावी लागली. रिव्ह्यूला उत्तर देताना त्यांनी पेशंटचं आडनाव, उपचारांचे तपशील आणि खर्चाची माहिती लिहून टाकली होती. तिथला कायदा वेगळा आहे, पण चूक आपल्याकडेही रोज होते तीच आहे. आपण खरे आहोत हे सिद्ध करायच्या भरात फाइल उघडायची, ही ती चूक.

माझ्याकडून हे रागात नाही, मायेपोटी घडलं. एका मुलीनं ‘डॉक्टर फार चांगले आहेत’ एवढंच लिहिलं होतं. मी उत्तर लिहिलं, ‘धन्यवाद! आईंना आता बरं वाटतंय ना?’ संध्याकाळी तिचा फोन आला. आईला दवाखान्यात नेलं होतं हे तिनं नातेवाइकांना सांगितलं नव्हतं, आणि रिव्ह्यूवर तिचं पूर्ण नाव होतं. मी लगेच उत्तर बदललं, पण तोवर दोघा जणांनी ते वाचून तिच्या घरी फोन केले होते. त्या दिवसापासून ‘आईंना’, ‘बाळाला’, ‘ऑपरेशननंतर’, ‘पुढच्या तपासणीला’ असे शब्द मी उत्तरात येऊ देत नाही. समोरच्यानं लिहिले असले तरीही नाही.

मग लिहायला उरतंच काय?

बरंच उरतं. एक साधी युक्ती आहे. त्या माणसाच्या भेटीबद्दल बोलायचं नाही, दवाखान्याच्या रीतीबद्दल बोलायचं. ‘तुम्हाला दीड तास थांबावं लागलं’ असं लिहिलं की ती व्यक्ती आली होती हे आपण कबूल केलं. ‘वेळ ठरवून आलेल्या कुणालाही दीड तास थांबावं लागू नये’ यात तसं काही नाही, तरीही ज्यानं लिहिलंय त्याला आपलं म्हणणं पोचलं हे कळतं. मराठीत ‘कुणालाही … लागू नये’ ही रचना इतकी सहज आहे की ती वकिली वाटत नाही. इंग्रजीत तेच काम ‘नोबडी शुड’ करतं.

दुसरा आधार म्हणजे त्यांनी लिहिलेला मजकूर. तो सगळ्यांसमोर आहेच. ‘तुम्ही लिहिलेलं वाचून वाईट वाटलं’ यात आपण लिखाणाबद्दल बोलतो, भेटीबद्दल नाही. उत्तर लिहून झालं की मी एक परीक्षा घेते. रिव्ह्यू झाकायचा आणि नुसतं उत्तर वाचायचं. त्यावरून ही व्यक्ती कधी आली, कशासाठी आली, काय निघालं, यातलं काहीही कळत असेल तर ते वाक्य काढायचं.

कौतुकाला उत्तर द्यायलाच हवं का?

प्रत्येकाला नको. नुसतं ‘गुड’ किंवा पाच तारे असतील तर ‘मनापासून आभार’ पुरे, किंवा तेही नको. पण कुणी वेळ काढून चार ओळी लिहिल्या असतील तर उत्तर द्यावं, आणि त्या चार ओळी वाचल्याचं त्यात दिसावं.

समजा कुणी लिहिलं: ‘आईच्या गुडघ्यासाठी गेलो होतो. डॉक्टरांनी ऑपरेशनची घाई केली नाही, सगळं चित्र काढून समजावलं. स्टाफही प्रेमळ.’ इथे हात लगेच ‘आईंचा गुडघा’ लिहायला जातो. तो आवरायचा. मी असं लिहीन:

> खूप आभार. कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी माणसाला नीट समजलं पाहिजे, हा डॉक्टरांचा आग्रह असतो. तो तुमच्या नजरेला आला याचा आनंद वाटला. तुमचे शब्द काउंटरवर सगळ्यांना वाचून दाखवले.

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहायचं. मी खरंच वाचून दाखवते, आणि दिवसभर त्याचा परिणाम दिसतो.

इंग्रजी रिव्ह्यू असेल तर:

```
Thank you for taking the time to write this.
We want people to understand things fully before
they decide anything, so it is good to hear that
this comes across. I read your words out to
everyone at the front desk.
```

कौतुकाच्या उत्तरात मराठी माणसाकडून दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे दुकानदारी शब्द. ‘पुन्हा भेट द्या’, ‘सेवेची संधी द्या’ हे मिठाईच्या दुकानात ठीक आहे. दवाखान्यात पुन्हा यायची वेळ येऊ नये असंच सगळ्यांना वाटतं. त्याऐवजी ‘काळजी घ्या’ एवढं म्हणून थांबावं. दुसरी चूक म्हणजे कौतुकाला जोडून स्वतःची जाहिरात. ‘आमच्याकडे सर्व पेशंट शंभर टक्के बरे होतात’, ‘परिसरातील सर्वोत्तम दवाखाना’ असं काही उत्तरात लिहिलं की आभाराची जाहिरात होते. पेशंट ओढण्यासाठी डॉक्टरनं जाहिरात करणं त्याच २००२ च्या नियमांत अनैतिक ठरवलं आहे. शिवाय वाचणाऱ्यालाही तो मजकूर ढोंगी वाटतो.

‘तुम्ही’ लिहावं की ‘आपण’?

मी ‘तुम्ही’ लिहिते आणि इतरांनाही तेच सुचवते. ‘आपण’ जास्त आदराचं असतं, हे खरं. पण मराठीत ‘आपण’चे दोन अर्थ होतात, समोरची व्यक्ती आणि आपण सगळे. तक्रारीच्या उत्तरात हा घोटाळा महागात पडतो. ‘आपण थोडी काळजी घ्यायला हवी होती’ हे वाक्य पाहा. लिहिणारीला म्हणायचं होतं की दवाखान्यानं काळजी घ्यायला हवी होती. वाचणाऱ्यानं ते स्वतःवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दोन ताऱ्यांचा एक तारा झाला. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ असं स्वच्छ लिहिलं तर चूक कुणाची हे कुणालाही विचारावं लागत नाही.

दुसरं कारण सुराचं. ‘आपण’ आलं की त्याच्यामागून ‘आपला अभिप्राय बहुमोल आहे’, ‘कृपया नोंद घ्यावी’ अशी सरकारी नोटीस चालत येते. ‘तुम्ही’बरोबर बोलती भाषा येते.

नात्याची संबोधनं, म्हणजे काका, ताई, दादा, काउंटरवर गोड वाटतात. लिहिताना नकोत. रिव्ह्यूवरच्या नावावरून वय आणि कधी कधी स्त्री की पुरुष हेही कळत नाही. ‘नमस्कार’ पुरतं. समोरच्याच्या लिंगाप्रमाणे बदलणारी वाक्यरचनाही टाळता येते, कारण ‘तुम्ही लिहिलंत’, ‘तुम्ही सांगितलंत’ दोघांनाही चालतं.

तक्रारीला उत्तर कसं लिहायचं? एखादं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल?

दाखवते. रिव्ह्यू असा, तारे दोन:

> ११ ची अपॉइंटमेंट होती, आत घेतलं साडेबाराला. काउंटरवर विचारलं तर ‘थांबायचं नसेल तर जा’ असं उत्तर. डॉक्टर हुशार आहेत, पण पाच मिनिटंसुद्धा दिली नाहीत. शुगर वाढलीय म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या.

हा चांगला रिव्ह्यू आहे. वाचून राग येतो, पण त्यात वेळा आहेत, वाक्य आहे, आणि डॉक्टरांबद्दल बरं बोललेलंही आहे. लिहिणारा माणूस प्रामाणिक आहे.

रागाच्या भरात लिहिलेला पहिला मसुदा साधारण असा असतो: ‘आपण स्वतः वीस मिनिटे उशिरा आलात. त्या दिवशी इमर्जन्सी होती. आपली शुगर ३१० होती, त्यामुळे तातडीने गोळ्या देणे आवश्यक होते. आमचा स्टाफ असे कधीही बोलत नाही.’ यातलं प्रत्येक वाक्य कदाचित खरं असेल. तरीही तो पाठवता येणार नाही. शुगरचा आकडा जगासमोर गेला, उशिरा आल्याचं सांगून पेशंट असल्याचं कबूल झालं, आणि शेवटच्या वाक्यानं त्या माणसाला खोटं ठरवलं. जो तिसरा माणूस हे वाचतोय, तो उद्याचा पेशंट आहे. त्याला एवढंच कळतं की इथे तक्रार केली की आपले रिपोर्ट बाहेर येतात.

राग शांत झाला की दुसरा मसुदा येतो: ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. आपली गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत. आपल्या सूचनांचा नक्की विचार केला जाईल.’ यात धोका नाही, पण जीवही नाही. तीन वाक्यांत एकही गोष्ट त्या रिव्ह्यूबद्दल नाही. हेच उत्तर आणखी दहा तक्रारींखाली चिकटवलेलं दिसलं की वाचणाऱ्याला कळतं की इथे कुणी वाचत नाही.

तिसऱ्या मसुद्याच्या आधी लेखणी बाजूला ठेवून अपॉइंटमेंटचं रजिस्टर उघडायचं. उदाहरणापुरतं असं धरू की दवाखाना दहाला सुरू होतो आणि दर दहा मिनिटांना एक नाव लिहिलेलं असतं. म्हणजे अकराच्या आधी सहा जण. प्रत्यक्षात एका पेशंटला सरासरी पंधरा मिनिटं लागतात, तेव्हा त्या सहा जणांनाच दीड तास झाला, साडेअकरा वाजले. त्यात अपॉइंटमेंट न घेता आलेले चार जण मध्ये घेतले, त्यांचा एक तास. साडेबारा. म्हणजे इमर्जन्सी वगैरे काही नव्हती, आपलं वेळापत्रकच रोज खोटं बोलत होतं. काउंटरवरच्या व्यक्तीशी एकटीशी बोललं तर बहुतेक वेळा कळतं की तो प्रश्न तिला त्या सकाळी आठव्यांदा विचारला गेला होता. तिचं बोलणं चुकलंच, पण चुकायचं कारण वेळापत्रकात होतं.

आता काय बदलायचं ते डॉक्टरांबरोबर ठरवायचं, बदल अमलात आणायचा, आणि मग लिहायचं:

> नमस्कार. तुम्ही लिहिलेलं आम्ही नीट वाचलं. वेळ ठरवून आलेल्या कुणालाही दीड तास बसून राहावं लागू नये, आणि विचारल्यावर असं उत्तर तर मुळीच मिळू नये. याबद्दल आम्ही माफी मागतो. दोन अपॉइंटमेंटमधलं अंतर आता दहाऐवजी पंधरा मिनिटं केलं आहे, आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर होणार असेल तर काउंटरवरून आधी फोन केला जातो. तपासणीबद्दल कुणाशीही इथे सगळ्यांसमोर बोलणं योग्य होणार नाही. दुपारी दोन ते चारमध्ये दवाखान्याच्या नंबरवर फोन करा आणि व्यवस्थापकांशी बोलायचं आहे असं सांगा.

‘पाच मिनिटंसुद्धा दिली नाहीत’ या भागाला इथे उत्तर नाही, आणि ते मुद्दाम आहे. तो उपचाराचा भाग आहे, तो फोनवर बोलायचा. पण ‘तपासणीबद्दल’ हा शब्द घालून तो मुद्दा वाचल्याचं कळवलं. ‘कुणाशीही’ या शब्दामुळे उत्तर त्या माणसाला टाळल्यासारखं वाटत नाही, नियम सगळ्यांना सारखा आहे हे दिसतं.

माफीच्या पुढे ‘पण’ नाही, ‘मात्र’ नाही, ‘तरीही’ नाही. माफीनंतर पहिला शब्द बदलाचा असावा. आणि बदल खरोखर झालेला असावा. ‘काळजी घेऊ’, ‘सुधारणा करू’ असं भविष्यकाळात लिहिलं की वाचणारा पुढच्या महिन्यात तीच तक्रार पुन्हा वाचतो आणि आपलं जुनं आश्वासन तिच्याखाली दिसत राहतं. अजून काही बदललं नसेल तर ते वाक्य गाळावं.

हेच उत्तर इंग्रजीत भाषांतर करून टाकलं तर चालेल?

भाषांतर नको, तीच गोष्ट इंग्रजीत नव्यानं सांगावी. वरचं उत्तर इंग्रजीत मी असं लिहीन:

```
Thank you for writing to us. Nobody with an
appointment should have to wait an hour and a
half, and nobody who asks about it should be
answered like that. We are sorry. Appointments
are now 15 minutes apart, and the desk calls
ahead if we are more than 30 minutes late.
We can't discuss anyone's care here. Please call
the clinic between 2 and 4 pm and ask for the
manager.
```

मराठीत ‘नमस्कार’नं सुरुवात केली की ऊब येते. इंग्रजीत ‘डिअर पेशंट’ लिहिलं की पहिल्याच शब्दात गोपनीयता गेली, म्हणून संबोधन गाळून सरळ आभारांनी सुरुवात केली. इंग्रजी थोडं आखूडही आहे, कारण इंग्रजीत माफी लांबवली की ती खोटी वाटायला लागते. ‘वुई आर सॉरी’ तीन शब्दांत पूर्ण होतं. त्याच्यापुढे ‘फॉर एनी इन्कन्व्हिनियन्स कॉज्ड’ जोडलं की ते रेल्वेच्या घोषणेसारखं ऐकू येतं.

आपल्या ऑफिसातल्या इंग्रजीत काही शब्द आदराचे समजून वापरले जातात आणि वाचणाऱ्याला ते दरडावणीसारखे वाटतात. ‘काइंडली नोट’ हा त्यांतला मुख्य. ‘प्लीज अंडरस्टँड’ही तसाच, कारण त्यात ‘तुम्हाला समजत नाही’ असा अर्थ दडलेला असतो. मराठीत त्याचा जुळा भाऊ आहे ‘आपला गैरसमज झाला आहे’. दोन्ही भाषांत हे शब्द बाद.

‘दिलगीर आहोत’, ‘क्षमस्व’ की ‘माफी मागतो’?

‘क्षमस्व’ पाटीवर शोभतो, ‘काम चालू आहे, क्षमस्व’. माणसाला उद्देशून लिहिताना तो तुटक वाटतो. ‘दिलगीर आहोत’ हा शब्द वाईट नाही. पण त्याच्याआधी ‘झाली असल्यास’ येण्याची इतकी सवय झाली आहे की तो शब्द दिसला की लोकांना ‘असल्यास’ ऐकू येतो. ‘असल्यास’ म्हणजे तुमचं म्हणणं आम्हाला पटलेलं नाही. इंग्रजीत ‘सॉरी इफ यू फेल्ट’ अगदी हेच करतं.

म्हणून चूक आपली आहे हे रजिस्टरवरून कळलं असेल तेव्हा ‘माफी मागतो’. चूक कुणाची ते अजून कळलं नसेल तेव्हा ‘वाचून वाईट वाटलं’. हे खरंही असतं आणि त्यात काही कबूलही केलेलं नसतं. दोन्ही एकाच उत्तरात घातले की सूर रडका होतो, तेव्हा एकच निवडावा.

‘चुकीचं औषध दिलं’, ‘डॉक्टरांमुळे त्रास वाढला’ अशा रिव्ह्यूला?

हे उत्तर एकट्यानं लिहू नका. आधी संबंधित डॉक्टरांना दाखवा. आरोप गंभीर असेल तर डॉक्टरांच्या व्यावसायिक विम्याच्या कंपनीला किंवा वकिलाला विचारल्याशिवाय काही टाकू नका. आपलं लिखाण उद्या कागदपत्रांत लागू शकतं.

लिहायचं ते थोडंच. आरोप मान्यही करायचा नाही आणि नाकारायचाही नाही, कारण दोन्हींत पेशंटची माहिती येते. मात्र त्रास अजून चालू असल्याचं रिव्ह्यूवरून वाटत असेल, तर सगळ्यात आधी त्याचाच विचार करायचा:

> तुम्ही लिहिलेलं वाचून काळजी वाटली. कुणालाही औषधानंतर त्रास होत असेल तर फोनची वाट न पाहता लगेच जवळच्या डॉक्टरांना दाखवावं, श्वासाचा त्रास किंवा सूज असेल तर थेट हॉस्पिटल गाठावं. उपचारांबद्दल आम्ही इथे बोलू शकत नाही. दवाखान्याच्या नंबरवर कधीही फोन करा, डॉक्टरांपर्यंत निरोप लगेच पोचेल.

‘कधीही’ लिहिलं तर तो फोन खरोखर उचलला गेला पाहिजे. रात्री कुणी नसेल तर वेळ लिहा.

अशा वेळी माणसाला पुष्कळदा आपले कागद हवे असतात आणि ‘कागद देत नाहीत’ हीच दुसरी तक्रार बनते. २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीनं नोंदी मागितल्या तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे असतात. फोन आला की हे आपणहून सांगा. माझ्या अनुभवात निम्मा राग तिथेच उतरतो.

रिव्ह्यू मराठीत आहे, पण इंग्रजी अक्षरांत. उत्तर कुठल्या लिपीत द्यायचं?

देवनागरीत, साध्या शब्दांत. असं लिहिणारे बहुतेक लोक देवनागरी सहज वाचतात, त्यांना फक्त टाइप करायचा कंटाळा असतो. आपण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला गेलो तर ‘वाट पाहावी लागली’चं स्पेलिंग तीन जण तीन तऱ्हांनी करतात. अर्धं मराठी अर्धं इंग्रजी असेल तर त्या माणसानं तक्रारीचं मुख्य वाक्य कुठल्या भाषेत लिहिलंय ते पाहावं आणि त्या भाषेत उत्तर द्यावं. राग ज्या भाषेत आला, तीच भाषा.

गुगलवर परक्या भाषेतला मजकूर वाचणाऱ्याला यंत्रानं भाषांतर केलेला दिसू शकतो, हेही लक्षात ठेवा. ‘डोळ्यांत तेल घालून लक्ष देऊ’ याचं डोळ्यांच्या दवाखान्याखाली काय होईल याचा विचार करा. वाक्यं छोटी ठेवली, वाक्प्रचार टाळले, की भाषांतरातही सूर टिकतो. एकाच उत्तरात दोन्ही भाषा खाली-वर लिहायची गरज नाही.

आमच्याकडे कधी आलाच नाही अशा माणसाचा रिव्ह्यू असेल तर?

‘तुम्ही आमचे पेशंट नाही’ असंही लिहू नका. ही सवय लागली की ज्यांना तसं लिहिलं नाही ते सगळे पेशंट ठरतात. शिवाय पुष्कळदा रिव्ह्यू पेशंटच्या मुलाच्या किंवा जावयाच्या खात्यावरून आलेला असतो, म्हणून नाव रजिस्टरमध्ये सापडत नाही. ‘या वर्णनाशी जुळणारी घटना आम्हाला सापडली नाही. कृपया फोन करून सांगा, आम्ही शोधू’ एवढं पुरे.

रिव्ह्यू खरोखर बनावट असेल, त्यात शिवीगाळ असेल, कुणाचा फोन नंबर असेल किंवा तो दवाखान्याशी संबंधितच नसेल, तर गुगलला कळवण्याची सोय रिव्ह्यूच्या शेजारीच असते. नुसता वाईट आहे म्हणून मात्र तो निघत नाही. निर्णयाला दिवस लागतात, तोवर वरचं छोटं उत्तर तिथे असू द्यावं.

फक्त एक तारा, एक शब्दही नाही. काय लिहू?

‘काय चुकलं हे सांगितलंत तर बरं होईल. दुपारी दोन ते चारमध्ये फोन करा.’ एवढंच. अंदाज बांधून माफी मागू नका.

किती वेळात उत्तर द्यावं?

तक्रारीला दोन-तीन दिवसांत. त्याच तासात नको, कारण रजिस्टर बघायला आणि माणसांशी बोलायला वेळ लागतो. अपवाद फक्त अंगावर त्रास चालू असल्याच्या रिव्ह्यूचा, त्याला दिसल्या क्षणी. कौतुकाला आठवड्याभरात चालतं. मी उत्तर आधी वहीत लिहिते आणि दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावते. वाचणारीचा आवाज कुठे चढला की ते वाक्य बदलते.

तक्रार मिटली. रिव्ह्यू काढायला सांगावं का?

सांगू नये. फी माफ करतो, पुढची तपासणी फुकट करतो, रिव्ह्यू बदला, असं तर कधीच नाही. मोबदला देऊन रिव्ह्यू लिहवून घेणं, बदलून घेणं किंवा काढून घेणं गुगलच्या नियमांत बसत नाही, आणि त्या बोलण्याचा स्क्रीनशॉट पुढच्या रिव्ह्यूत येतो. खूश दिसणाऱ्यांनाच तेवढं ‘रिव्ह्यू लिहा’ म्हणणंही नियमाबाहेर आहे.

पुष्कळदा माणूस स्वतःहून रिव्ह्यू बदलतो. दोनाचे चार तारे होतात, खाली एक ओळ वाढते. अशा वेळी आपलं जुनं उत्तर तसंच राहतं आणि बदललेल्या कौतुकाखाली माफी विचित्र दिसते. उत्तर पुन्हा उघडून बदलता येतं. मी माफीचं वाक्य काढत नाही, खाली एवढंच जोडते: ‘पुन्हा येऊन हे लिहिलंत, त्याबद्दल आभार.’